सगळ्यात कमी दर माझाच का निघाला?

गावातल्या एका गल्लीचा काँक्रीट रस्ता. लांबी २०० मीटर, रुंदी ३ मीटर, जाडी १५० मिलिमीटर, शेजारून गटार. जीएसटी सोडून अंदाजपत्रक १२ लाखांचं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ‘बी-वन’ पद्धतीच्या निविदेत कामाच्या बाबी आणि त्यांचे दर आधीच छापलेले असतात. ठेकेदाराने फक्त एक आकडा भरायचा असतो, अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के ‘बिलो’ किंवा किती टक्के ‘अबव्ह’. आधी कागदपत्रांचा लिफाफा उघडतो, मग दराचा, आणि पात्र ठरलेल्यांत ज्याचा दर सगळ्यात कमी तो ‘एल-वन’. काम त्याचं. हा रस्ता आणि पुढचे आकडे मी समजावण्यासाठी मांडलेले आहेत, पण हिशेब अशाच कामांचा असतो.

या रस्त्यासाठी पाच ठेकेदार दर भरतात असं धरू. पाचही जण अनुभवी, खडी एकाच खाणीतून आणणारे, मजूरही त्याच नाक्यावरून घेणारे. काम कोणीही केलं तरी खर्च १० लाखच येणार आहे. तो आधी कोणालाच नेमका ठाऊक नसतो, म्हणून प्रत्येक जण अंदाज बांधतो. पाच अंदाज असे: ९ लाख १० हजार, ९ लाख ६० हजार, १० लाख, १० लाख ५० हजार, १० लाख ९० हजार. कोणीही दहा टक्क्यांच्या वर चुकलेला नाही आणि पाचांची सरासरी जवळपास बरोबर आहे. प्रत्येकाने आपल्या अंदाजावर ८ टक्के नफा धरून दर भरला. पहिल्याचा दर झाला ९ लाख ८२ हजार ८००, म्हणजे सुमारे १८ टक्के बिलो. काम त्याला मिळालं. खर्च १० लाख झाला, आणि ८ टक्के नफा धरूनही त्याचे १७ हजार २०० रुपये गेले.

यात कोणी अडाणीपणा केलेला नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निविदा जणू चाळणीसारखी काम करते आणि ज्याचा अंदाज सगळ्यात खाली चुकला त्यालाच निवडून काढते. अमेरिकेतल्या अटलांटिक रिचफील्ड तेल कंपनीतल्या केपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तिघांनी १९७१ मध्ये याच्या उलट बाजूवर लेख लिहिला. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांसाठी कंपन्या चढी बोली लावत. तेलाचा अंदाज ज्या कंपनीने सगळ्यात फुगवून बांधला, तिलाच ते क्षेत्र मिळे आणि पुढे परतावा अपेक्षेपेक्षा कमी निघे. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. आपल्याकडे बोली खाली जाते, एवढाच फरक.

अंदाज चुकतो कुठे? या रस्त्याचंच बघा. १५० मिलिमीटर जाडीने काँक्रीट ९० घनमीटर लागतं आणि मोजमाप पुस्तकात तेवढंच धरलं जातं. पण खालचा थर उंचसखल राहिला आणि सरासरी १२ मिलिमीटर काँक्रीट जादा बसलं, तर ६०० चौरस मीटरवर ७.२ घनमीटर जास्त गेलं. घनमीटरला ६ हजार धरले तरी ते ४३ हजार २०० रुपये होतात, आणि त्याचं बिल निघत नाही. खडीचा लीड, म्हणजे खाणीपासून कामापर्यंतचं अंतर, हीसुद्धा तशीच जागा. जवळची खाण बंद पडली की पुढच्या खाणीपर्यंतचं डिझेल अंगावर येतं. दर भरण्याआधी साइटवर जाऊन लेव्हल घेतली आणि खाणवाल्याला आजचा भाव विचारला, तर यातली बरीच चूक आधीच निघून जाते.

उरलेल्या चुकीसाठी मात्र दरातच जागा ठेवावी लागते. किती, ते स्पर्धक किती आहेत यावर ठरतं. अंदाज दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांपर्यंत सारख्याच शक्यतेने चुकत असतील आणि सगळे एकाच पद्धतीने दर भरत असतील, तर दोन ठेकेदारांत सगळ्यात कमी अंदाज सरासरीने ३.३ टक्के खाली असतो. पाचांत तो ६.७ टक्के खाली जातो, नऊ जणांत ८ टक्के. म्हणजे पाच जणांच्या निविदेत आपल्या अंदाजावर ७ टक्के चढवले, तेव्हा कुठे ना नफा ना तोटा. नऊ जण असतील तर जवळपास ९ टक्के. प्रत्यक्षात गर्दी दिसली की ठेकेदार आणखी खाली उतरतात. खर्च सगळ्यांना सारखाच लागणार असेल, तर गर्दीत जिंकण्यासाठी चूक मोठी असावी लागते. आपली चूक दहा टक्के की पंधरा, हे आपल्याच जुन्या कामांतून कळतं. प्रत्येक कामाचा भरताना धरलेला खर्च आणि झालेला खर्च शेजारी शेजारी लिहिले की झालं.

याला मर्यादा आहे. स्वतःचा मिक्सर असेल, खाण शेजारच्या शिवारात असेल किंवा जवळच दुसरं काम चालू असल्याने माणसं तिथेच असतील, तर आपला खर्च खरोखरच कमी असतो आणि एल-वन येण्यात धोका नसतो. म्हणून दर भरण्याआधी स्वतःला विचारावं, मी बाकीच्यांपेक्षा कमी का पडतोय? उत्तर एका ओळीत, वस्तूचं नाव घेऊन देता आलं तर ठीक. नाही आलं, तर काहीतरी धरायचं राहिलं आहे.

आता आपला अंदाज १० लाख आहे असं समजून दर काढू. पाच स्पर्धकांसाठी ७० हजार धरले. बिल चार महिने अडकेल असं मानून वर्षाला १२ टक्क्यांनी व्याज ४० हजार. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, ते साधारण ११ हजार. हजारभर सोडून दिले तर तळ ११ लाख २० हजारांवर आला. टीडीएस हा खर्च नसतो, नंतर परत किंवा वजा मिळतो, पण तोपर्यंत खेळतं भांडवल अडकतं.

तळाच्या वर किती जायचं? महाटेंडर्स पोर्टलवर दर उघडल्यावर इतरांचे आकडेही दिसतात. मागच्या २० निविदांत सगळ्यात कमी प्रतिस्पर्ध्याचा दर आपल्या अंदाजाच्या किती पट होता, ते वहीत उतरवायचं. समजा तो ८ वेळा १.१३ पटीच्या वर, ५ वेळा १.१६ च्या वर आणि एकदाच १.२० च्या वर होता. मग ११ लाख ३० हजार भरले तर १० हजार नफ्याची ४० टक्के शक्यता, सरासरी ४ हजार. ११ लाख ६० हजारांना ४० हजारांची २५ टक्के शक्यता, म्हणजे १० हजार. १२ लाखांना ८० हजारांची ५ टक्के शक्यता, पुन्हा ४ हजार. मधला दर, साधारण ३.३ टक्के बिलो, सगळ्यात फायद्याचा. चारपैकी तीन कामं हातची जातील, हे त्यातच धरलेलं आहे.

एल-वन झाल्यावर माघार घेतली तर बयाणा रक्कम जप्त होते आणि काळ्या यादीची टांगती तलवार राहते. दहा टक्क्यांहून जास्त बिलो गेलं तर अतिरिक्त सुरक्षा रक्कमही भरावी लागते, म्हणजे आधीच कमी पडलेल्या दरातून आणखी पैसे अडकतात. म्हणून तळाचा आकडा मुदतीच्या आदल्या दिवशी कागदावर लिहून सही करून ठेवावा आणि शेवटच्या दिवशी “अजून दोघं उतरलेत” असा फोन आला तरी त्याच्या खाली जाऊ नये. निकाल लागल्यावर आधी एल-टूचा दर बघावा. आपण त्याच्यापेक्षा एक-दोन टक्के खाली असलो तर चालतं. सात-आठ टक्के खाली असलो, तर वर्क ऑर्डर येण्याची वाट न बघता त्याच संध्याकाळी अंदाजपत्रक काढावं आणि लेव्हल, लीड, उपकर यांतली कोणती ओळ सुटली ते शोधावं.