टॅब नको, स्पेस हवी

इंटरनेटवरचा संवाद ज्या नियमांवर चालतो त्यांपैकी टीसीपीचा मसुदा सप्टेंबर 1981 मध्ये आरएफसी 793 म्हणून प्रसिद्ध झाला. त्यातल्या चौकटी आणि बाण अधिक, वजा, उभी रेघ अशा साध्या कीबोर्डावरच्या चिन्हांनी काढलेले आहेत, आणि आजही ते जसेच्या तसे दिसतात. प्रोग्रामर हीच युक्ती कोडमधल्या टिपणांत, म्हणजे कॉमेंटमध्ये वापरतात:

```
// +---------+      +---------+
// | order   |----->| payment |
// +---------+      +---------+
```

हे चित्र टिकतं एका अटीवर: प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी देणारा फॉन्ट हवा. कोड लिहिण्याचे बहुतेक एडिटर तसाच फॉन्ट वापरतात. तरीही चित्रं विस्कटतात, आणि बहुतेक वेळा दोष टॅबचा असतो.

टॅब म्हणजे ठरावीक जागा नव्हे. ‘पुढच्या थांब्यापर्यंत सरक’ एवढाच त्याचा अर्थ, आणि थांबे किती अंतरावर हे प्रत्येकाच्या एडिटरवर ठरतं. वरच्या चित्रात `order` शब्दापर्यंत 10 अक्षरं होतात. त्यापुढे कुणी एक टॅब आणि एक स्पेस दिली, तर 4च्या थांब्यावर टॅब 12पर्यंत जातो, स्पेस धरून 13, आणि भिंत बरोबर जागी बसते. त्याच्या पडद्यावर सगळं छान! सहकाऱ्याच्या एडिटरमध्ये थांबे 8वर असतील, तर टॅब 16पर्यंत उडी मारतो आणि ती भिंत, तिच्यामागचा बाण आणि दुसरी चौकटही 4 घरं उजवीकडे सरकते. ओळीच्या सुरुवातीचे टॅब मात्र चालतात, कारण ते सगळ्याच ओळींना सारखे सरकवतात. शंका आली तर टॅबची रुंदी 4वरून 8 करून बघा. चित्र हललं की चोर सापडला.

तिरक्या बाणांपासून तर लांबच राहावं. सी आणि सी++ मध्ये ओळीच्या शेवटी `\` आलं की पुढची ओळ तिलाच जोडली जाते:

```
//  A --+
//       \
total = 0;
```

इथे `total = 0;` कॉमेंटमध्ये गडप झालं, ते चालणारच नाही. `-Wall` लावलं तर जीसीसी इशारा देतो. म्हणून तो लावलेलाच बरा.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी. ‘मागणी’सारखा शब्द चौकटीत घातला की काना-वेलांट्यांमुळे आणि बदललेल्या फॉन्टमुळे त्याची रुंदी एडिटरगणिक बदलते, आणि स्पेस कितीही मोजून दिल्या तरी उजवी भिंत सगळीकडे सरळ येत नाही. तेव्हा चौकटीत 1, 2 असे इंग्रजी आकडे टाका आणि त्यांचा अर्थ चित्राखाली मराठीत लिहा.