आलेखातला ‘व्ही’ काय सांगतो?

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये वाहकतामापीवर टायट्रेशन केलं, की आलेखावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षर उमटतं. जर्नलमध्ये बहुतेक जण त्याचं टोक शोधून मोकळे होतात. खरी गोष्ट मात्र त्याच्या दोन बाजूंमध्ये असते.

चंचुपात्रात ५० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल आहे आणि ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. दर वेळी अर्धा मिलिलिटर सोडायचं, ढवळायचं, वाहकता टिपायची. सुरुवातीला मापी चारच्या आसपास दाखवतो. एकक असतं मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. मग आकडा सरळ रेषेत उतरू लागतो.

तो उतरतो, कारण द्रावणात वीज आयन वाहून नेतात आणि हायड्रोजन आयन त्यांत सर्वांत वेगवान असतो. तो स्वतः लांब पळत नाही. प्रोटॉन पाण्याच्या एका रेणूकडून दुसऱ्याकडे हातोहात पुढे जातो. २५ अंश सेल्सिअसला त्याची मोलर वाहकता सुमारे ३५० असते, तर सोडियमची फक्त ५०. हायड्रॉक्साइड त्या हायड्रोजनला पाण्यात बांधून टाकतो आणि त्याची जागा सोडियम घेतो. क्लोराइड होता तितकाच राहतो. म्हणजे घट होते ती ३०० ची.

सगळं आम्ल संपलं, की पुढच्या थेंबातला हायड्रॉक्साइड मोकळा राहतो. त्याची वाहकता सुमारे १९९. सोबतच्या सोडियमचे ५० धरून वाढ होते २४९ ची. म्हणून उजवी बाजू डावीपेक्षा थोडी कमी चढाची असते. आपला ‘व्ही’ असा किंचित तिरपा आला, तर ते प्रयोग नीट झाल्याचं लक्षण आहे.

आता टोकाकडे वळू. समजा, ४.५ मिलिलिटरला १.३९ आणि ५.० ला १.३१ असं वाचन आलं. सर्वांत कमी वाचन ५.० ला आहे, म्हणून तोच सममूल्य बिंदू लिहिला, तर आम्ल ०.०१०० नॉर्मल ठरतं. पण दोन्ही बाजूंच्या रेषा वाढवल्या, तर त्या ४.८ ला छेदतात. ४.८ × ०.१ ÷ ५०, म्हणजे ०.००९६ नॉर्मल. चार टक्क्यांचा हा फरक फक्त बिंदू निवडण्यातून आला.

टोकाजवळची वाचनं नेहमीच कमी भरवशाची. सोडियम हायड्रॉक्साइडने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला असेल, तर तिथे कोन न होता गोलाई येते. त्यामुळे रेषा दूरच्या बिंदूंवरूनच ओढाव्यात. ब्युरेटमधलं द्रावण दसपट तीव्र घेतात ते द्रावण फार पातळ होऊ नये म्हणून. तरीही प्रत्येक वाचनाला एकूण आकारमान भागिले ५० ने गुणावं, नाहीतर सरळ रेषा वाकतात.

जर्नलच्या निष्कर्षात ४.८ हा आकडा तर लिहावाच. त्याच्याखाली एक ओळ आणखी हवी: डावीकडे हायड्रोजन गेला आणि सोडियम आला, उजवीकडे हायड्रॉक्साइड साचत गेला. त्या ‘व्ही’चा अर्थ या ओळीत आहे.