चमचाभर क्रिएटिन

नितीन ३८ वर्षांचा आहे. डोंबिवलीला राहतो आणि फोर्टमधल्या एका विमा कंपनीत क्लेमच्या फायली तपासतो. सकाळची फास्ट लोकल, दिवसभर खुर्ची, परत लोकल आणि घरी पोचेपर्यंत साडेआठ, असा त्याचा दिवस. दिवाळीनंतर त्याला स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबावं लागायला लागलं. दुपारी तीनच्या सुमाराला स्क्रीनवरचे आकडे डोळ्यांपुढे विरघळायचे. त्याचा शाळेपासूनचा मित्र संतोष, ज्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याला एका सोमवारी हाताला धरून आपल्या जिममध्ये घेऊन गेला.

संतोष मनाने उदार आणि तोंडाने अखंड. दोन सेटच्या मधल्या विश्रांतीत त्याने नितीनला सगळं शास्त्र सांगून टाकलं. "हे बघ, क्रिएटिन चालू कर. थकवाबिकवा सगळा जाईल. स्टेरॉइडच आहे, पण हलकं. पाणी मात्र चार लिटर प्यायचं, नाहीतर किडनी बसते. तीन महिन्यांनी बंद करायचं, नाहीतर शरीर स्वतः बनवणं थांबवतं. केस थोडे जातात, पण त्याचं काय एवढं!"

जिममध्ये अशी वाक्यं रोज कानावर पडतात. ती टिकून राहतात, कारण बहुतेकांच्या तळाशी खरेपणाचा एक कण असतो. तो कण वेगळा काढला की क्रिएटिनची भीतीही उरत नाही आणि चमत्कारही उरत नाही.

आधी थकव्याचं. नितीनने डबा विकत घेण्यापूर्वी फॅमिली डॉक्टरांना गाठलं, आणि या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं काम तेच झालं. डॉक्टर मॅडमनी झोपेबद्दल विचारलं आणि रक्ताच्या साध्या तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड ठीक निघाले. बी-१२ मात्र बरंच कमी होतं. नितीनचं घर शाकाहारी. आपल्याकडे शाकाहारी माणसांत ही कमतरता सर्रास आढळते, आणि थकवा हे तिचं नेहमीचं लक्षण. त्यावर उपचार सुरू झाले. किडनीची पातळी कळावी म्हणून मॅडमनी क्रिएटिनिनही बघून घेतलं होतं. ते १.० आलं. हा आकडा पुढे कामाला येणार होता.

क्रिएटिनचं काम थकवा घालवण्याचं नाही. ते फार मर्यादित आणि नेमकं आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा एटीपी नावाचं द्रव्य खर्च होतं, आणि जोराच्या हालचालीत त्याचा साठा दोन-तीन सेकंदांत आटतो. तेव्हा स्नायूतलंच फॉस्फोक्रिएटिन आपल्याजवळचा फॉस्फेट देऊन एटीपी पुन्हा तयार करतं. शेजारणीने वाटीभर साखर उसनी द्यावी आणि आपण सवडीने परत करावी, तसा हा व्यवहार: विश्रांती मिळाली की तो फॉस्फेट फेडला जातो. हा उसनवार साधारण दहा सेकंद पुरतो. म्हणून फायदा दिसतो तो वजन उचलताना किंवा छोट्या धावेत. आठ वेळा उचललं जाणारं वजन कदाचित नऊ-दहा वेळा उचललं जातं. अशी एखाददुसरी जास्तीची आवृत्ती महिनोन् महिने साठत जाते, आणि स्नायू वाढतो तो त्या कष्टामुळे. व्यायाम न करता नुसती पावडर खाणाऱ्याला यातलं फारसं काही मिळत नाही. लोकलमधला शीण तर दहा सेकंदांचा नसतोच.

स्टेरॉइडचा प्रश्न एका वाक्यात सुटतो. क्रिएटिन हे संप्रेरक नाही. ते अमिनो आम्लांपासून आपल्याच शरीरात, मुख्यतः मूत्रपिंड आणि यकृत मिळून, रोज साधारण एक ग्रॅम तयार होतं. मांस आणि मासळीतूनही ते मिळतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३२ मध्ये ते मांसातूनच वेगळं केलं होतं. उत्तेजक द्रव्यांच्या आंतरराष्ट्रीय बंदी यादीत ते नाही. शाकाहारी माणसाच्या स्नायूत हा साठा मुळात थोडा कमी असतो, त्यामुळे नितीनसारख्याला फरक जरा जास्त जाणवण्याची शक्यता असते.

बी-१२चे उपचार सुरू होऊन महिना गेला, व्यायामाची सवय लागली, तेव्हा नितीनने मॅडमना विचारून क्रिएटिन सुरू केलं. संतोषचा आग्रह पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम घेण्याचा होता. ती पद्धत खोटी नाही. पाच-सहा दिवस रोज २० ग्रॅम चार वेळा विभागून घेतलं की स्नायू लवकर भरतात. पण रोज फक्त ३ ग्रॅम घेणाऱ्यांचे स्नायूही साधारण चार आठवड्यांत त्याच पातळीला पोचतात, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवलं. एकदम जास्त घेतलं तर काहींना पोट बिघडण्याचा त्रास होतो. नितीनला कसली स्पर्धा गाठायची नव्हती. त्याने साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट निवडलं, रोज ३ ग्रॅम, जेवणानंतर पाण्यातून. डब्यातल्या चमच्यात किती ग्रॅम बसतात ते लेबलवर वाचून घ्यावं लागतं, कारण प्रत्येक कंपनीचा चमचा वेगळा. पाण्यात कालवून तासन् तास ठेवायचं नाही, कारण द्रावणात ते हळूहळू क्रिएटिनिनमध्ये बदलतं. महागड्या नव्या प्रकारांनी मोनोहायड्रेटपेक्षा जास्त काही दिल्याचा भक्कम पुरावा नाही. त्यावर खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

महिन्याभरात काट्यावर जवळजवळ एक किलो वाढलं. "बघ, पाणी भरलं अंगात," संतोष म्हणाला. खरंच ते पाणी होतं, पण ते मुख्यतः स्नायूंच्या पेशींच्या आत ओढलं जातं. ती चरबी नव्हे आणि पाय सुजण्यासारखी सूजही नव्हे. चार लिटरच्या नियमालाही आधार नाही. तहानेप्रमाणे, आणि घामाच्या दिवसांत थोडं जास्त पाणी प्यावं, एवढं पुरेसं.

खरी घबराट पुढच्या महिन्यात झाली. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत नितीनचं क्रिएटिनिन १.३ आलं. अहवालाच्या खालच्या ओळीत ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंड किती वेगाने रक्त गाळतं त्याचा अंदाज, ७२ होता. जुन्या १.० वरून तोच हिशेब केला तर तो ९९ येत होता. आईने डबा उचलून माळ्यावर टाकला. संतोष पहिल्यांदाच गप्प झाला.

मॅडमनी आधी विचारलं, "तपासणीच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?" आदल्या संध्याकाळी पायांचा जबर व्यायाम झाला होता, आणि सकाळी नेहमीप्रमाणे क्रिएटिन घेऊन नितीन रक्त द्यायला गेला होता. मग त्यांनी समजावून सांगितलं. स्नायूतलं क्रिएटिन रोज थोडं थोडं, साठ्याच्या एक-दोन टक्के, आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. प्रयोगशाळा हा कचरा रक्तात किती आहे ते मोजते आणि त्यावरून किडनीचा अंदाज बांधते. कचरा साचला तर गाळणारा कमी पडतोय, असा तो तर्क. पण कचरा दोन कारणांनी वाढू शकतो. गाळणी बिघडल्यामुळे, किंवा कचराच जास्त तयार होतोय म्हणून. क्रिएटिन घेणाऱ्याच्या, जास्त स्नायू असणाऱ्याच्या आणि आदल्या दिवशी जबर व्यायाम केलेल्याच्या बाबतीत दुसरं कारण संभवतं. ईजीएफआर वेगळा मोजलेला नसतो. तो क्रिएटिनिनच्याच आकड्यातून सूत्राने काढलेला असतो, म्हणून एक फसला की दुसराही फसतो.

तरीही "क्रिएटिनमुळेच असेल" म्हणून मॅडमनी विषय सोडून दिला नाही, आणि कुणीही सोडू नये. त्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन तपासलं, कारण गाळणीला इजा असेल तर प्रथिनं लघवीत उतरू लागतात. रक्तदाब बघितला. आणि सिस्टाटिन सी नावाची रक्ततपासणी सांगितली. हे प्रथिन शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी तयार करतात आणि त्याचा क्रिएटिनशी संबंध नसतो, म्हणून त्यावरून काढलेला ईजीएफआर अशा वेळी जास्त विश्वासार्ह ठरतो. तिन्ही निकाल स्वच्छ आले. महिनाभर क्रिएटिन बंद ठेवून, दोन दिवस जड व्यायाम टाळून क्रिएटिनिन पुन्हा तपासलं तेव्हा ते १.१ होतं. आईने डबा स्वतःच माळ्यावरून काढून दिला.

संतोषच्या "किडनी बसते" या वाक्याची मुळं इथे आहेत. वाढलेलं क्रिएटिनिन बघून अनेकांनी किडनीच दोषी धरली. निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासांत नेहमीच्या मात्रेमुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचं आढळलेलं नाही. आणि शरीराची स्वतःची निर्मिती? बाहेरून मिळत असताना ती कमी होते हे खरं, पण बंद केल्यावर ती पूर्ववत होते आणि स्नायूतला साठा चार-सहा आठवड्यांत मूळ पातळीवर येतो. म्हणून तीन महिन्यांनी सक्तीने थांबण्याची गरज नाही.

केसांची गोष्ट २००९ मधल्या एका छोट्या अभ्यासातून पसरली. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉलेजच्या रग्बी खेळाडूंमध्ये क्रिएटिननंतर डीएचटी हे संप्रेरक वाढलेलं दिसलं. टक्कल पडण्याशी या संप्रेरकाचा संबंध आहे. पण त्या अभ्यासात कुणाचे केस मोजलेच नव्हते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात केस प्रत्यक्ष मोजले गेले, तेव्हा क्रिएटिन घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक आढळला नाही. वर्षानुवर्षांचं उत्तर १२ आठवड्यांत मिळत नाही. पण आज घाबरण्याजोगा पुरावा नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

हे सगळं ऐकून संतोषने खिशातून फोन काढला आणि एक फोटो दाखवला. वडिलांना ताकद यावी म्हणून त्याने दुसरा डबा मागवला होता. वडील सत्तरीचे, पंधरा वर्षांचा मधुमेह, आणि जुन्या अहवालात लघवीत प्रथिनं. मॅडमनी ठामपणे नाही म्हटलं. ज्याची किडनी आधीच दुखावलेली आहे त्याच्यासाठी निरोगी माणसांवरचे निष्कर्ष लागू होत नाहीत, शिवाय क्रिएटिनिनचा आकडा गढूळ झाला तर आजार वाढतोय की नाही हे कळायचं साधनच हातून जातं. संतोषने डबा दुकानदाराला परत केला.

किडनीचा आजार असेल, मधुमेह किंवा रक्तदाब बरीच वर्षं असेल, वेदनाशामक गोळ्या नेहमी लागत असतील किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय क्रिएटिनचा डबा उघडू नका. आणि निरोगी असाल तरी सुरू करण्यापूर्वी एकदा क्रिएटिनिन तपासून कागद जपून ठेवा. पुढे कधीही रक्त द्यायला जाल तेव्हा क्रिएटिन घेत असल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.