ब्लेझरच्या फोटोतील बिल्ला बदलताना

शाळेच्या ब्लेझरची ऑर्डर मागताना प्रत्येक शाळेसाठी नवा नग शिवून त्याचा फोटो काढणे परवडत नाही. म्हणून एकाच चांगल्या फोटोतील खिशावरचा बिल्ला संगणकावर बदलून तो शाळेपुढे ठेवतात. पण घाईत बसविलेला बिल्ला कागद चिकटवल्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाईकाला मालाचीच शंका येते. आमच्या मते हे रफूचे काम आहे. जुने धागे जितके कमी उसवाल तितके बरे.

एक उदाहरण घेऊ. नेव्ही निळ्या ब्लेझरवर ढालीच्या आकाराचा बिल्ला आहे. त्याला जाड भरलेली किनार आहे आणि किनारीलगत तो खिशावर टाचल्याचे टाके दिसतात. नवा बिल्लाही ढालीचाच आहे. अशा वेळी किनार आणि टाके जुनेच ठेवावेत, बदलावा फक्त आतला भाग. फोटोशॉपमध्ये मूळ फोटोची प्रत करून Pen Tool ने किनारीच्या आतल्या कडेने रेघ आखावी. तिची निवड करून Feather अर्धा ते एक पिक्सेल ठेवावा. शून्य ठेवला तर कड कात्रीने कापल्यासारखी दिसते आणि जास्त ठेवला तर धुरकट होते. किनारीचा रंग वेगळा हवा असल्यास Hue/Saturation ने फक्त रंग फिरवावा म्हणजे धागे तसेच राहतात. मात्र पांढरी वा काळी किनार या उपायाने नीट रंगत नाही.

आत भरण्यासाठी शाळेच्या पत्रावरची सपाट छापील खूण घेऊ नये, कारण तिच्यात भरतकामाचा उठाव नसतो. कारागिराकडून एक बिल्ला भरून घ्यावा आणि त्याचा फोटो काढावा. ब्लेझरवर उजेड डावीकडून असेल तर बिल्ल्यावरही डावीकडूनच हवा. खिसा थोडा तिरका आणि छातीबरोबर गोलसर असतो. तो बाक Warp ने द्यावा. कापडाच्या चुणीची सावली Multiply थरावर मऊ ब्रशने हलकी रंगवावी. जुन्या बिल्ल्यावरून ती उचलली तर जुनी अक्षरे भुतासारखी वर येतात.

नवा बिल्ला लहान वा गोल असेल तर जुनी किनार काढून मागचे कापड Clone Stamp ने भरावे लागते. त्यात ट्विलच्या तिरप्या रेघा हमखास तुटतात. त्यापेक्षा कोऱ्या खिशाचा फोटो काढलेला बरा.

शेवटी फोटो 100 टक्के आकारात पाहावा आणि कागदावर छापून पाहावा. ढालीचे खालचे टोक आणि वरचे दोन कोपरे हीच चोरी पकडणारी ठिकाणे.

शाळेची खूण तिच्या परवानगीनेच वापरावी आणि फोटोखाली 'बिल्ला संगणकावर बसविला आहे' असे लिहावे. फोटोत भरतकाम दाखवून छापील बिल्ला देणे ही तिजारत नव्हे, फसवणूक आहे.