उसाची मोळी आणि कंबर

सांगली-सातारा भागातील ऊसतोड मजूर दिवसभर वाकतो, कारण बुंध्यात साखर अधिक असल्याने ऊस जमिनीलगतच तोडावा लागतो. हे वाकणे टळत नाही, पण विभागता येते. अर्धा तास तोडणी झाली की जोडीदाराशी काम बदलून उभ्याने वाढे छाटावे. बदलताना कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा मागे झुकावे. तोडताना एक पाय पुढे घ्यावा. सतत उकिडवे बसल्याने गुडघे दुखावतात. 40 किलोंच्या मोळीऐवजी 20 किलोंच्या दोन बांधाव्यात. फेऱ्या वाढतील, पण प्रत्येक वेळी मणक्यावरचा भार घटेल. मोळी अंगालगत धरून उचलावी आणि कंबर न पिळता पावले वळवावीत. वेदना गुडघ्याखाली उतरल्यास डॉक्टरांना दाखवावे. पाय लुळा पडल्यास वा लघवीवरचा ताबा सुटल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.