डबा किती द्यायचा, हे शाळेला विचारताना

‘माझ्या मुलाचं वजन कमी आहे. डब्यात किती द्यावं, याबद्दल मार्गदर्शन करावं.’ एवढंच पत्र हाती पडलं, तर वर्गशिक्षिका काय सांगणार? ‘पौष्टिक द्या’, एवढंच. मुलाचा आहार ठरवणं हे बालरोगतज्ज्ञांचं किंवा आहारतज्ज्ञांचं काम. पण डबा कधी उघडतो, किती वेळ खाणं चालतं आणि काय उरतं, हे डॉक्टरांना दिसत नाही, आईलाही नाही. ते बाईंना दिसतं, म्हणून त्यांना तेच विचारायला हवं.

समजा, मुलगा दुसरीत आहे. वय ७ वर्षं, उंची ११७ सेंटिमीटर, वजन १७ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं, की १२.४ हा आकडा येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलाचा आकडा साधारण १३च्या खाली गेला, तर तो कृश धरतात. उंची ठीक आहे, वजन मागे आहे. आता आईचं पत्र असं असावं:

‘आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार. माझ्या मुलाचं वजन उंचीच्या मानानं कमी आहे. डॉक्टरांनी तपासलं आहे, आजार नाही. मी डब्यात चार पोळ्या आणि भाजी देते. त्यातल्या दोन परत येतात. छोट्या आणि मोठ्या सुट्टीत खायला प्रत्यक्ष किती मिनिटं मिळतात? तो दोन्ही वेळा डबा उघडतो का? आठवडाभर फक्त एवढं पाहून कळवाल का? शेंगदाणे चालतात का, तेही सांगावं. वजनाचा विषय वर्गात निघू नये आणि डबा संपवायची सक्ती होऊ नये, ही विनंती.’

शेवटचं वाक्य गाळू नये. ‘याला जरा खायला घाला’ असं चारचौघांत म्हटलं, की मूल डबा उघडायचंच टाळतं.

बाईंचं उत्तर बहुतेक वेळा साधं असतं. छोटी सुट्टी १० मिनिटांची, त्यातली निम्मी पाण्याच्या रांगेत जातात. मोठी सुट्टी २० मिनिटांची. पोळी मोडून भाजीला लावत खायला वेळ लागतो आणि तोवर मित्र मैदानात पोचलेले असतात. म्हणजे भूक नाही असं नाही, वेळ पुरत नाही. अशा वेळी आई पाचवी पोळी घालते, आणि परत येणाऱ्या पोळ्या दोनाच्या तीन होतात.

मग किती द्यायचं? पंतप्रधान पोषण योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळेतल्या एका जेवणाचं माप ठरलेलं आहे: ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. घरच्या डब्यालाही ते अंदाजाला पुरतं. पोळ्या चाराच्या दोनच करा, लहान, प्रत्येकी साधारण २५ ग्रॅम कणकेच्या. प्रत्येकीला चमचाभर तूप आणि दोन चमचे शेंगदाण्याची चटणी लावून गुंडाळी करा. दोन्ही मिळून साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी होतात. छोट्या सुट्टीसाठी शेंगदाणा-गुळाचा एक छोटा लाडू दिला, की आणखी शंभर-सव्वाशे. डबा आधीपेक्षा हलका झाला आणि माप भरलं, प्रथिनांचंही. गुंडाळी एका हातात धरून खाता येते, ही तर मोठीच सोय. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल किंवा शाळेत मनाई असेल, तर चटणीऐवजी पनीर किंवा अंड्याची पोळी द्या आणि लाडू तीळ-गुळाचा किंवा बेसनाचा. वेफर्सनंही किलोकॅलरी वाढतात, पण प्रथिनं जेमतेम मिळतात आणि पुढे पोळी नकोशी होते.

एक गोष्ट घरातच तपासावी. शाळेला निघताना ग्लासभर दूध पाजलं असेल, तर छोट्या सुट्टीत भूक नसणारच. ते दूध संध्याकाळकडे सरकवावं.

या वयात मूल वर्षाला साधारण दोन-अडीच किलोनं वाढतं, म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅम. घरच्या काट्यावर दर आठवड्याला उभं केलं, तर फरक दिसायचा नाही, जीव मात्र टांगणीला लागेल. तीन महिन्यांनी त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन करा. डबा रिकामा येऊनही काटा हलला नसेल, किंवा मध्येच वजन उतरलं, दोन आठवड्यांहून जास्त ताप-खोकला राहिला, वारंवार जुलाब झाले, तर प्रश्न डब्याचा राहत नाही. मग शाळेला दुसरं पत्र लिहीत बसू नका, वजनाच्या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा.