गुलाबी कॅन्युला कोणाकडून मागवायची?

वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर इंडेंटवर लिहितात, ‘पिंक इंट्राकॅथ, 500’. भांडारात हे कोणालाही समजतं. सलाइनसाठी शिरेत घालायची 20 गेजची कॅन्युला गुलाबी असते, 18ची हिरवी, 22ची निळी आणि तान्ह्या बाळांना लागणारी 24ची पिवळी. घोळ होतो तो शेजारच्या ‘पुरवठादार’ या रकान्यात. तिथं बहुतेक वेळा गेल्या खेपेचंच नाव उतरवलं जातं. गेल्या खेपेच्या इंडेंटची प्रत टेबलावर असते आणि दरकराराची फाइल खरेदी कक्षाच्या कपाटात.

दरकरारात दर ठरतो, पण किती माल घेणार हे ठरत नाही. ‘अमुक वस्तू अमुक दराने, या मुदतीत मागाल तेव्हा देऊ’ असा तो पुरवठादाराचा उभा प्रस्ताव असतो. खरेदीचं बंधन तयार होतं ते पुरवठा आदेश निघाल्यावर. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी असे करार करणारं पुरवठा महासंचालनालय 2017च्या ऑक्टोबरअखेर बंद झालं आणि ती खरेदी जेम पोर्टलकडे वळली. पण रुग्णालयं, पालिका, कारखाने आपापले दरकरार आजही करतात. वर्षभर लागणाऱ्या शेकडो किरकोळ वस्तूंसाठी दर वेळी निविदा काढणं कुणालाच परवडत नाही.

हा करार म्हणजे एक कागद असेल असं इंडेंट लिहिणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात ती फाइल असते. तिच्यात मूळ निविदा, तिच्यावरचं शुद्धिपत्रक, पुरवठादाराने भरलेला दरतक्ता, वाटाघाटीनंतर त्याने दर कमी केल्याचं पत्र, स्वीकृतीपत्र, सही-शिक्क्याचा करारनामा आणि पुढे मुदतवाढीची एक-दोन पत्रं असतात. सुबक तक्ता असतो तो दरतक्त्यात, म्हणून दर टिपून घेणारा माणूस तिथंच थांबतो. खरा दर मात्र वाटाघाटीच्या पत्रात, एखाद्या वाक्यात दडलेला असतो: ‘अनुक्रमांक 14 ते 22वर आणखी दोन टक्के सूट देण्यास तयार आहोत’. त्यामुळे फाइल शेवटच्या कागदापासून मागे वाचत यावी. नंतरच्या कागदाने आधीचं काय बदललं ते आधी कळतं, आणि बदललेलं टिपण्यात वेळ जात नाही.

एक उदाहरण घेऊ. दर आणि करारांच्या तारखा समजुतीसाठी घेतल्या आहेत, शेवटची तारीख मात्र खरी आहे. एका पालिका रुग्णालयाचा जुना दरकरार 31 मार्च 2025ला संपत होता. त्याला मुदतवाढ मिळाली: ‘30 सप्टेंबर 2025पर्यंत किंवा नवीन दरकरार अंमलात येईपर्यंत, यापैकी जे आधी घडेल ते’. नव्या कराराचं स्वीकृतीपत्र 18 ऑगस्टचं आहे, पण त्यातच लिहिलं आहे की मुदत करारनाम्यावर सही झाल्यापासून एक वर्ष. सही झाली 3 सप्टेंबरला.

या दोन वाक्यांतून तीन तारखा निघतात आणि त्यातली एकही एका कागदावर नाही. जुना करार 30 सप्टेंबरला नाही, 2 सप्टेंबरलाच संपला. नवा 18 ऑगस्टला नाही, 3 सप्टेंबरला सुरू झाला आणि तो 2 सप्टेंबर 2026पर्यंत चालेल. मुदतवाढीच्या पत्रातला आकडा तेवढा उचलून तक्त्यात टाकला, तर सप्टेंबरभर इंडेंट जुन्याच पुरवठादाराकडे जात राहतील. वर्षअखेरीला लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, आणि फरकाची रक्कम कोणाकडून वसूल करायची हा वाद वेगळाच.

मुदत तपासायची ती आदेशाच्या तारखेला, माल येण्याच्या तारखेला नव्हे. साधारण नियम असा की मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिलेला आदेशही पुरवठादाराला त्याच दराने पुरा करावा लागतो, माल पंधरा दिवसांनी आला तरी. हे ठाऊक नसल्याने मुदतीचे शेवटचे दोन आठवडे इंडेंट उगाच अडवून ठेवणारी कार्यालयं आहेत. उलटंही होतं. इंडेंट मुदतीत लिहिलेला असतो, पण सह्या होत-होत आदेश निघतो मुदतीनंतर. अशा वेळी इंडेंटची तारीख कामाला येत नाही.

आता दराकडे येऊ. नव्या करारात 20 गेजच्या कॅन्युलासाठी दोन पुरवठादार आहेत. अट अशी की आधी स्वस्त असेल त्याला आदेश द्यायचा आणि त्याला जमलं नाही तरच दुसऱ्याला. पहिल्याचा दर नगाला 18.50 रुपये, जीएसटी वेगळा. दुसऱ्याचा 100 नगांच्या खोक्याला 2,050 रुपये, सर्व करांसहित. नुसते आकडे पाहणाऱ्याला पहिला स्वस्त वाटतो, साडेअठरा आणि साडेवीस अशी सरळ तुलना. पण 10 सप्टेंबरला या मालावर जीएसटी होता 12 टक्के. तो धरला की पहिल्याची कॅन्युला पडते 20.72 रुपयांना आणि दुसऱ्याची 20.50लाच. पाचशे नगांचे 10,360 विरुद्ध 10,250. आदेश दुसऱ्याला जायला हवा.

म्हणून दरतक्त्यातला आकडा एकटा उचलून चालत नाही. त्याच्याबरोबर एकक, खोक्यातली संख्या आणि कर आत की बाहेर हेही उचलावं लागतं, आणि मग सगळ्यांचा एकाच मापाने, ‘करासह, पोच, प्रति नग’ असा दर काढावा लागतो. पोच हा शब्दही तपासून घ्यावा. काही करारांत दर रुग्णालयाच्या दारापर्यंतचा असतो, काहींत गोदामातला, आणि टेम्पोचं भाडं वेगळं लागतं. आणखी एक बारीक गोष्ट: दुसऱ्याचं खोकं फोडून मिळत नाही. एखाद्या छोट्या वॉर्डाला चाळीसच हव्या असतील तर वॉर्डांचे इंडेंट भांडारात एकत्र करूनच आदेश काढावा लागेल.

आणि मग 22 सप्टेंबर 2025 उजाडतो. त्या दिवसापासून बऱ्याच वैद्यकीय साहित्यावरचा जीएसटी 12वरून 5 टक्क्यांवर आला, त्यात कॅन्युलाही आली. 25 सप्टेंबरच्या आदेशासाठी पहिल्याचा दर आपोआप 19.43 झाला, कारण त्याचा कर बाहेर होता. दुसऱ्याचं काय? दरतक्त्याखाली त्याने लिहून दिलं आहे, ‘दर सर्व करांसहित, करारकाळात बदलणार नाहीत’. हे वाक्य शेवटचं मानलं तर खोकं 2,050लाच राहतं, कॅन्युला 20.50ला, आणि पहिला पुरवठादार स्वस्त ठरतो. पण निविदेच्या सर्वसाधारण अटींत, साठाव्या की बासष्टाव्या पानावर, सहसा एक कलम असतं: सरकारने कर वाढवला किंवा घटवला तर तेवढा फरक दरात होईल. ते कलम असेल तर 2,050 रुपयांतून 12 टक्के कर वजा करायचा. उरतात 1,830 रुपये 36 पैसे. त्यावर 5 टक्के लावले की खोकं 1,921.88ला येतं, म्हणजे कॅन्युला 19.22ला. पुन्हा दुसराच स्वस्त.

महिनाभरात याच गुलाबी कॅन्युलाचा योग्य पुरवठादार असा बदलत गेला: ऑगस्टअखेर जुन्या करारातला, 10 सप्टेंबरला नव्यातला दुसरा, आणि 25 सप्टेंबरला कोण ते करबदलाच्या कलमावर अवलंबून. हे कलम आहे की नाही हे तक्ता करतानाच टिपून ठेवलं नसेल, तर त्या दिवशी इंडेंट घेऊन बसलेल्या माणसाने साठ पानं चाळायची का? तो चाळत नाही. तो गेल्या खेपेचं नाव लिहितो.

तक्ता करायचा तो वस्तूवार, करारवार नव्हे. एका ओळीत एक वस्तू, एक पुरवठादार, एक मुदत. दर बदलला की जुनी ओळ खोडायची नाही, तिची अखेरची तारीख भरायची आणि खाली नवी ओळ लिहायची. असं केलं तर ‘ऑगस्टमध्ये त्याच्याकडूनच का घेतलं?’ या प्रश्नाला वर्षभरानेही उत्तर देता येतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी कागदाचं नाव आणि पान क्रमांक असावा. मला स्वतःला हा रकाना सर्वांत मोलाचा वाटतो, आणि घाईत पहिल्यांदा गाळला जातो तोही हाच. शिवाय वॉर्डातली बोलीभाषेतली नावं हवीतच. करारात ‘आय.व्ही. कॅन्युला, इंजेक्शन पोर्टसह, 20 गेज, निर्जंतुक’ असं असतं. सिस्टर शोधणार ‘पिंक इंट्राकॅथ’. शोधून सापडलं नाही की वस्तू करारात नाही असं धरून स्थानिक खरेदीचा इंडेंट जातो, तोही चढ्या दराने.

फाइल स्कॅन केलेली असेल आणि मजकूर संगणकाकडून वाचून घेतला असेल तर चुका ठरावीक जागी होतात. दशांशचिन्ह पुसट असलं की 18.50चे 1850 होतात. ही चूक लगेच डोळ्यांत भरते. जास्त फसवी आहे ती ओळ सरकण्याची. वस्तूचं वर्णन दोन ओळींत मोडलेलं असलं की त्याखालचे सगळे दर एकेक घर खाली उतरतात. 20 गेजसमोर 18चा दर येतो आणि दोन्ही दर जवळपास सारखेच असल्याने शंकाही येत नाही. पकडायचा मार्ग सोपा आहे. प्रत्येक पानावरची पहिली, मधली आणि शेवटची वस्तू मूळ कागदाशी जुळवायची. ओळ सरकली असेल तर शेवटची जुळत नाही. दरतक्त्यात करासह दराचा वेगळा रकाना असेल तर मूळ दरावर कर लावून तो आकडा येतो का हेही बघावं. न जुळलेली ओळ अंदाजाने दुरुस्त करायची नाही. ती ‘तपासणे’ असा शेरा मारून बंद ठेवायची.

वॉर्डापर्यंत यातलं फार थोडं पोचावं. सिस्टरना वस्तूचं नाव, आजचा पुरवठादार, किती नगांच्या पटीत मागवायचं आणि माल किती दिवसांत येईल एवढं दिसलं तरी पुरे. कलमं, सूट, कर हे खरेदी कक्षाने आधीच पचवलेलं असावं.

राहिली पिवळी कॅन्युला. नव्या करारात 18, 20 आणि 22 गेज आहेत. 24 नाही. तिच्यासाठी पात्र निविदाच आली नव्हती. जुन्या करारात ती आहे, पण तो तर ‘नवीन दरकरार अंमलात येईपर्यंत’ होता. नवा करार आला म्हणजे जुना सगळाच संपला, की ज्या वस्तू नव्यात आल्या तेवढ्यांपुरताच? पत्राच्या भाषेतून दोन्ही अर्थ निघतात. तक्ता करणाऱ्या लिपिकाने इथं स्वतःच्या मनाने एक अर्थ धरून दर टाकला, तर तो त्याचा निर्णय होतो, आणि तो अधिकार त्याचा नाही. त्या ओळीसमोर दर न लिहिता ‘अर्थ स्पष्ट नाही, खरेदी अधिकाऱ्यांकडे’ असं लिहावं, मुदतवाढीच्या पत्राचा पान क्रमांक द्यावा आणि फाइल त्याच दिवशी वर पाठवावी. नवजात अतिदक्षता कक्षाचा साठा किती दिवसांचा आहे, हेही त्याच टिपणीत लिहावं.